अकरा महिने म्हणजे वर्ष नव्हे

भाड्याच्या घराचा करार झाला की त्याची प्रत फाइलमध्ये जाते. मुदत डोक्यात राहते ती 'जुलैत आलो, म्हणजे पुढच्या जुलैत बघू' अशी, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. करार महिने मोजतो आणि आपण वर्ष जगतो. शाळा, पगारवाढ, बदली हे सगळं बारा महिन्यांच्या चाकावर फिरतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार मात्र अकराच्या चाकावर फिरतो, आणि एकाच घरात तीन-चार वर्षं राहिलं तर या दोन चाकांमधलं अंतर चांगलंच जाणवू लागतं.

हा अकराचा आकडा आला कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. तो खर्च आणि खटाटोप टाळायला देशभर वर्षाच्या आत थांबण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रात तिला आणखी एका भीतीची जोड मिळाली. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा लायसन्सचा करार चालू होता, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. आपली जागा अशी अडकू नये ही धास्ती घरमालकांच्या मनात पिढ्यान् पिढ्या राहिली. आज ही दोन्ही कारणं उरलेली नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अकरा महिन्यांनी नोंदणी वाचते हा समज आपल्या राज्यात तरी चुकीचा आहे. तरीही सवयीने आकडा तोच चालू आहे, म्हणून त्याच्या तारखा नीट मोजता यायला हव्यात.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचं घर आहे. भाडं २५,००० रुपये, डिपॉझिट एक लाख. सही ५ जुलै २०२४ ला झाली, बायोमेट्रिक आणि नोंदणी ९ जुलैला. करारातल्या मुदतीच्या कलमात लिहिलंय, 'दिनांक १५ जुलै २०२४ पासून ११ महिने.' मोजणी यातल्या कोणत्या तारखेपासून करायची? सहीची तारीख नाही, नोंदणीचीही नाही. मुदतीच्या कलमात जी सुरुवातीची तारीख आहे ती धरायची. चावी दोन दिवस उशिरा मिळाली तरी कागदावरची मुदत त्यामुळे पुढे सरकत नाही.

आता शेवटची तारीख. पंधरापासून मोजलं म्हणून बरेचजण १५ जून २०२५ म्हणतील. पण पंधरा जुलैचा दिवस धरला तर पंधरा जून हा अकरा महिन्यांनंतरचा पहिला दिवस होतो, म्हणजे मुदत संपते १४ जूनला. एका दिवसाचा हा फरक किरकोळ नाही. भाडेपट्ट्यात 'अमुक तारखेपासून' असं लिहिलं असेल तर ती तारीख मोजणीतून वगळावी, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ११० सांगतं. त्यामुळे एकाच वाक्याचे दोन अर्थ लागू शकतात. दस्तात '१५ जुलै २०२४ ते १४ जून २०२५, दोन्ही दिवस धरून' एवढं लिहिलं की हा प्रश्न उरतच नाही.

याच घरात कुटुंब राहत गेलं आणि दर वेळी नवा अकरा महिन्यांचा करार झाला, तर पुढचे करार १५ जून २०२५, १५ मे २०२६ आणि १५ एप्रिल २०२७ ला सुरू होतील. प्रत्येक वेळी तारीख एक महिना अलीकडे येते. चौथा करार संपतो १४ मार्च २०२८ ला. घरात दहावीचं मूल असेल तर बोर्डाची परीक्षा आणि घर सोडण्याचा दिवस एकाच आठवड्यात येऊ शकतात. पहिला करार जूनमध्ये संपत होता, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत घर शोधणं सोयीचं होतं. ती सोय चार करारांत कधी गेली हे कळतही नाही. मार्चमध्ये घर बदलायचं नसेल तर तिसऱ्या कराराच्या वेळीच मुदत दोन-तीन महिने वाढवून मागावी. घरमालक सहसा हरकत घेत नाहीत, कारण घर रिकामं राहण्यापेक्षा ते त्यांना परवडतं.

भाडेवाढीतही हेच घडतं. 'दरवर्षी दहा टक्के' असं बोलणं होतं, पण करार अकरा महिन्यांचा असल्याने वाढ अकरा महिन्यांनी लागते. बारा महिन्यांच्या हिशेबात ती जवळजवळ अकरा टक्के पडते. मुळात बोलणी करताना वाढ किती एवढंच न विचारता ती किती महिन्यांनी हेही विचारायला हवं.

हल्ली तेहतीस महिन्यांचे करार बरेच होतात. त्यात 'प्रत्येक ११ महिन्यांनंतर पाच टक्के वाढ' असं कलम असतं. आपल्याच उदाहरणात पहिली वाढ १५ जून २०२५ ला लागून भाडं २६,२५० होईल, आणि दुसरी १५ मे २०२६ ला लागून ते साधारण २७,५६० होईल. करार संपेल १४ एप्रिल २०२७ ला. भाडेकरू मात्र वर्षाचा हिशेब धरून दोन्ही वेळा जुलैच्या पंधरापासून वाढ देत राहिला, तर पहिल्या वेळी एका महिन्याचे १,२५० आणि दुसऱ्या वेळी दोन महिन्यांचे २,६२० रुपये कमी जातात. या ३,८७० रुपयांबद्दल तेव्हा कोणी बोलत नाही. शेवटी चावी देताना डिपॉझिटमधून ते कापले जातात आणि कटुता तिथून सुरू होते.

महिन्याच्या मधेच वाढ लागली तर त्या महिन्याचं भाडं दोन दरांनी काढायचं. जून २०२५ चे पहिले १४ दिवस जुन्या दराने ११,६६७ रुपये होतात, उरलेले १६ दिवस नव्या दराने १४,००० रुपये, म्हणजे एकूण २५,६६७. हा हिशेब आकडे बदलण्याआधीच घरमालकाला संदेशात पाठवून 'बरोबर आहे ना' असं विचारून घ्यावं. त्याचं उत्तर पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

नोटीसच्या तारखा सगळ्यात फसव्या असतात, कारण तिथे दोन कलमं एकत्र वाचावी लागतात. समजा, लॉक-इन सहा महिन्यांचं आहे आणि नोटीस एक महिन्याची. लॉक-इन १४ जानेवारी २०२५ ला संपतं. नोटीस लॉक-इन चालू असताना देता येते का? कलमात 'लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन' असं असेल तर नोटीस पंधरा जानेवारीनंतरच देता येते आणि घर फेब्रुवारीच्या मध्याला सुटतं. फक्त 'लॉक-इनपूर्वी घर सोडता येणार नाही' एवढंच असेल तर १४ डिसेंबरला नोटीस देऊन १४ जानेवारीला चावी देता येते, असं म्हणायला जागा आहे. शब्दांच्या या फरकाची किंमत एका महिन्याचं भाडं, म्हणजे पंचवीस हजार. सही करण्याआधी हे एक वाक्य घरमालकासमोर वाचून अर्थ ठरवून घ्या.

नोटीस दिली की तिचा दिवस कोणता, पाठवल्याचा की मिळाल्याचा? करारात काही लिहिलं नसेल तर मिळाल्याचा दिवस धरणं सुरक्षित, आणि तोही मोजणीत न घेता दुसऱ्या दिवसापासून महिना मोजावा. चौदा जूनला घर सोडायचं असेल तर नोटीस चौदा मेपर्यंत घरमालकाच्या हातात हवी. फोनवर 'काका, आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय' म्हटलं की नोटीस झाली असं नाही. करार लेखी नोटीस मागत असेल तर सही घेऊन पत्र द्यावं, किंवा पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावं.

मुदत पूर्ण होऊन घर सोडताना मात्र, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, नोटीस लागत नाही. लायसन्स आपोआप संपतं. मुदतीनंतरही ताबा दिला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि नुकसानभरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दराने लागते. इथे तो दर महिना पन्नास हजार होईल. 'नवा करार करू पुढच्या आठवड्यात' म्हणत दोन-तीन महिने काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घरमालक भाडं घेतोय म्हणून सगळं ठीक चाललंय असं त्या काळात वाटतं, पण हातात चालू मुदतीचा कागद नसतो. सोसायटी प्रत मागते, ऑफिसला घरभाडे भत्त्यासाठी करार हवा असतो, आणि द्यायला काहीच नसतं.

या तारखा सांभाळायला एक साधी शीट पुरते. पहिल्या रकान्यात घराचं नाव, दुसऱ्यात सुरुवातीची तारीख. तिसऱ्या रकान्यात मुदतीचा शेवट आणि चौथ्यात एक महिन्याची नोटीस हातात पोचण्याची शेवटची तारीख सूत्राने काढता येते:

```
C2: =EDATE(B2,11)-1
D2: =EDATE(C2+1,-1)-1
```

दुसऱ्या रकान्यात १५ जुलै २०२४ लिहिलं की तिसऱ्यात १४ जून २०२५ आणि चौथ्यात १४ मे २०२५ दिसायला हवं. तसं दिसलं नाही तर शीट तारीख वेगळ्या क्रमाने वाचत असेल. ५/६/२०२५ हे कुठे पाच जून असतं, कुठे सहा मे. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा. सुरुवात महिन्याच्या २९, ३० किंवा ३१ तारखेला असेल तर सूत्रावर विसंबू नका. ३१ मार्च २०२५ पासून अकरा महिने काढले की हे सूत्र २७ फेब्रुवारी २०२६ दाखवतं, कारण फेब्रुवारीत एकतीस तारीखच नाही. अशा वेळी करारात छापलेली तारीखच खरी.

फोनच्या कॅलेंडरमध्ये 'दरवर्षी' अशी आठवण लावू नका, ती दुसऱ्या वेळेपासूनच चुकते. प्रत्येक तारखेची स्वतंत्र नोंद करा, आणि नोटीसच्या तारखेच्या महिनाभर आधी आणखी एक आठवण ठेवा. घर पाहणं, शाळेचा विचार, घरमालकाशी बोलणं याला तेवढा वेळ लागतोच.

खर्चाचंही पाहू. अकरा महिन्यांच्या या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के कल्पित व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे सुमारे ७१० रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. तेहतीस महिन्यांच्या एका करारात ती फी आणि एजंटचा खर्च तीनदा द्यावा लागत नाही. ज्यांना दोन-तीन वर्षं राहायचंच आहे, त्यांनी लांब करार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त दस्त तयार करणाऱ्याला सांगा, 'अकरा महिन्यांनंतर' असं मोघम लिहू नका. मुदतीचा शेवट, दोन्ही भाडेवाढी आणि लॉक-इनचा शेवट दिवस-महिना-वर्षासकट दस्तातच लिहा, आणि सही करण्याआधी घरमालक व भाडेकरू दोघांनी त्या मोठ्याने वाचून पाहा.