गंगाखेडचा ‘ड’ कुठे गेला?

परभणीचा एसटीडी कोड ०२४५२ आहे. दुकानांच्या फोन नंबरांची यादी करताना कुणी तो एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत टाइप करून एंटर दाबला, की पुढचं शून्य गायब होतं आणि 2452 उरतं. तोच आकडा सी भाषेत संख्या म्हणून लिहून छापायला सांगितला, तर पडद्यावर चक्क 1322 येतं.

```c
printf("%d", 02452);
```

नवशिक्याला वाटतं यंत्र बिघडलंय. शिकवणारे बहुधा ‘कॉलम टेक्स्ट कर’ एवढं सांगून पुढे जातात. उपाय बरोबरच आहे, पण त्याचं कारण न कळल्यामुळे तोच घोटाळा पुढे दुसऱ्या रूपात भेटतो. माझं म्हणणं असं की अशा चुकांना चमत्कारिक म्हणण्यासारखं काही नाही. संगणकाच्या मेमरीत ना संख्या असते ना अक्षर. असतात ते फक्त बिट, आणि त्यांचा अर्थ काय लावायचा हे बाहेरून ठरतं. आपण मनात एक अर्थ धरतो, यंत्राला दुसरा सांगून बसतो, आणि गफलत होते ती तिथेच.

आठ बिटांचा एक बाइट होतो. 00110010 हा बाइट संख्या म्हणून वाचला तर ५० आहे, आणि मजकूर म्हणून वाचला तर २ हा टाइप केलेला अंक आहे. एसटीडी कोड मजकूर म्हणून साठवला, तर पाच अंकांचे पाच बाइट होतात आणि शून्यालाही स्वतःचा बाइट मिळतो. संख्या म्हणून साठवला, तर उरते ती 2452 ची किंमत, म्हणजे 100110010100. किमतीत ‘पुढचं शून्य’ नावाची गोष्टच नसते, त्यामुळे ते पुसलं जात नाही, मुळात लिहिलंच जात नाही. सी भाषेत तर संख्येच्या पुढचं शून्य ही खूण आहे: हा आकडा आठाच्या पटीत वाचा. दोन पाचशेबारा, चार चौसष्ट, पाच आठ आणि वर दोन, मिळून १३२२. यंत्राने नेमकं सांगितलं तेच केलं. जे कधी बेरजेत येणार नाही ते संख्या म्हणून ठेवू नये, एवढा नियम इथे पुरतो. परभणीचा पिनकोड ४३१४०१ शून्याने सुरू होत नाही, म्हणून तो संख्या म्हणून ठेवला तरी चूक दिसत नाही. न दिसणारी चूक जास्त दिवस टिकते.

मजकुरात हाच गोंधळ मराठीला जास्त महाग पडतो. रोमन लिपीत Gangakhed लिहिलं तर नऊ अक्षरांचे नऊ बाइट होतात. गंगाखेड देवनागरीत लिहिलं, तर डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: गं, गा, खे, ड. युनिकोड मात्र अनुस्वार, काना आणि मात्रा वेगळ्या मोजतं, म्हणून त्याच्या हिशेबात ती सात चिन्हं आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकूण २१ बाइट. आता तालुक्याच्या नावासाठी कुणी २० बाइटांचा रकाना ठेवला आहे असं धरा. इंग्रजी नावांवर तपासणी केली तेव्हा सगळं सुरळीत होतं. मराठी नाव टाकल्यावर शेवटचा एक बाइट कापला जातो. ‘ड’ हा E0 A4 A1 असा साठवलेला असतो. त्यातला A1 गेला की पहिला बाइट ‘आम्ही तिघं आहोत’ म्हणतो आणि तिसरा सापडत नाही. मग पडद्यावर ‘गंगाखे’ आणि पुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो, नाहीतर प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो. चौकोन नेहमी नावाच्या शेवटी येत असेल आणि छोटी नावं शाबूत असतील, तर फॉन्टला दोष देण्याआधी रकान्याची लांबी बघावी.

यावर रास्त तक्रार अशी, की इंग्रजीला एक बाइट आणि आपल्याला तीन, हा कुठला न्याय? खर्च खरा आहे. यूटीएफ-८ ची रचना १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी केली. जुन्या इंग्रजी फाइली आहेत तशाच चालाव्यात ही त्यामागची एक मोठी अट होती, आणि तिची किंमत बाकीच्या लिप्या मोजतात. पण कापलेला ‘ड’ ओळखू येतो तो याच रचनेमुळे, कारण पुढे किती बाइट हवेत हे पहिल्या बाइटावरच लिहिलेलं असतं.

बाइटांऐवजी चिन्हं मोजली तरी सगळं सुटत नाही. चार चिन्हांची मर्यादा घाला, म्हणजे पाथरीचं ‘पाथर’ होतं, आणि तेही कसलीच तक्रार न करता. सेलू उलटं छापायला सांगा, तर उकार अक्षराविना पुढे येऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगला जातो. ‘पूर्णा’ किती अक्षरी? आपण दोन म्हणू. पण ‘र्णा’ हे जोडाक्षर तोडायचं नाही, असा नियम युनिकोडच्या अक्षरं वेगळी करण्याच्या प्रमाणात २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत नव्हता. जुन्या नियमावर चालणारं सॉफ्टवेअर तीन मोजेल. म्हणून ‘लांबी किती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. साठवणीला बाइट हवेत, माणसाला अक्षरं.

अपूर्णांकांचं दुखणं वेगळं दिसतं, मुळात तेच आहे. एका गटाचं क्षेत्र ०.३० हेक्टर आहे आणि दोन खातेदारांकडे ०.१० आणि ०.२० आहे असं धरू. बेरीज जुळते का हे तपासणारा प्रोग्रॅम विद्यार्थ्याने लिहिला:

```python
print(0.10 + 0.20 == 0.30)
```

उत्तर येतं False. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ संपत नाही, कारण दहाला तीनने भाग जात नाही. द्विमान पद्धतीत हाताशी फक्त दोन आहे, म्हणून एक दशांशही संपत नाही. यंत्र ५३ बिटांपर्यंत लिहितं आणि पुढचं जवळच्या आकड्याला वळवतं. त्यात 0.1 आणि 0.2 किंचित वर जातात, तर 0.3 किंचित खाली येतो. बेरजेतला फरक निघतो हेक्टरच्या सतराव्या दशांश स्थानावर. जमिनीच्या मानाने तो काहीच नाही, पण == ला ‘जवळजवळ’ हा शब्द माहीत नाही.

काहीजण म्हणतात, थोडा फरक माफ करावा. पावसाच्या मिलिमीटरना ते चालतं, कारण पर्जन्यमापकाची स्वतःची चूक त्याहून कितीतरी मोठी असते. सातबाऱ्यावरचं क्षेत्र मात्र नोंद असते, मोजमापातला अंदाज नव्हे, म्हणून तिथे तोच उपाय मला पटत नाही. शिवाय त्याची गरजही नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं वेगवेगळं लिहितात, म्हणजे कागदावरचा हिशेब आधीपासूनच पूर्णांकात आहे. त्यात दशांश चिन्ह घातलं ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने. सगळं चौरस मीटरमध्ये ठेवा: १००० आणि २०००, बेरीज ३०००, आणि True.

मग यंत्राने दशमानातच का मोजू नये? पायथनमध्ये decimal आहे, डेटाबेसमध्ये DECIMAL आहे. वेग थोडा कमी मिळतो, पण पैशांसाठी तेच वापरावं. वाटणीत मात्र तेही अडतं. १ हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर, तीन भावांत वाटलं तर प्रत्येकी ३३३३ येतात आणि १ चौरस मीटर उरतो. तो कोणाच्या नावावर लावायचा याचा नियम प्रोग्रॅममध्ये कुणीतरी लिहावा लागतो. नाही लिहिला, तर तिन्ही हिश्शांची बेरीज ९९९९ येते आणि गटाच्या क्षेत्राशी ताळमेळ बसत नाही.