सवलतीच्या तिकिटाची मुदत कशी ठरवावी?

समजा, खुलताबादला इतिहासप्रेमींची १०० जणांची परिषद भरवायची आहे. सभागृह, ध्वनियंत्रणा, वेरूळला जाणारी बस असा ठरलेला खर्च ६०,००० रुपये आणि जेवण, चहा, फाइल धरून माणशी ७००. नियमित तिकीट १,५०० आणि अर्ली बर्ड १,२०० ठेवलं, तर पहिल्यातून माणशी ८०० उरतात, दुसऱ्यातून ५००. शंभरही जण सवलतीत आले, तर सभागृह भरूनही १०,००० रुपयांचा तोटा! म्हणून सवलतीला तारखेइतकीच जागांची मर्यादा हवी. ६० सवलतीच्या आणि ४० नियमित विकल्या, तर २,००० शिल्लक राहतात.

तारीख मात्र महिनाअखेर बघून ठरवू नये. बाहेरगावचे लोक छत्रपती संभाजीनगरपर्यंत रेल्वेने येणार आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गाडीचं तिकीट हाती आल्याशिवाय माणूस पैसे भरत नाही, म्हणून सवलत ५५ दिवस आधी संपावी. नियमित विक्री सात दिवस आधी बंद करावी, म्हणजे आचाऱ्याला पक्का आकडा देता येतो. विद्यार्थ्यांना इतक्या लवकर पैसे जमत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी मोजक्या जागा सवलतीच्याच दरात शेवटपर्यंत राखाव्यात, पण त्या ६० मधूनच. प्रतिसाद कमी म्हणून मुदत वाढवणं मला चूकच वाटतं, कारण पुढच्या वर्षी तुमच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि हो, मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तेवढं आधी पाहा.