चुका दिसण्याआधीची तीन मिनिटं

तिकीटविक्रीची एखादी मोठी साईट डोळ्यांसमोर आणू. जावामध्ये लिहिलेली, टॉमकॅट या सर्व्हरवर चालणारी, आणि पुढच्या दारात nginx उभा. दर सेकंदाला शंभर मागण्या येतात. प्रत्येक मागणीत बँकेच्या सेवेला एक प्रश्न विचारावा लागतो आणि सगळं मिळून ०.२ सेकंदात काम उरकतं. हे आकडे मानलेले आहेत. बाकीच्या मर्यादा मात्र या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच ठरवून दिलेल्या असतात.

टॉमकॅट प्रत्येक मागणी एका थ्रेडच्या हाती सोपवतो. उत्तर मिळेपर्यंत तो थ्रेड त्या मागणीत अडकलेला असतो, मग तो हिशेब करत असो की बँकेच्या उत्तराची नुसती वाट पाहत असो. थ्रेडच्या या ताफ्याला थ्रेड पूल म्हणतात आणि टॉमकॅटमध्ये `maxThreads` ही मर्यादा कोणी बदलली नसेल तर २०० असते. एसटी स्थानकावरच्या आरक्षण खिडक्यांसारखंच हे: खिडक्या ठरलेल्या, आणि सगळ्या व्यग्र असल्या की पुढचा माणूस रांगेत.

किती थ्रेड व्यग्र असतील, हे सांगणारा नियम सोपा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. सेकंदाला येणाऱ्या मागण्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, म्हणजे एका क्षणी आत असलेल्या मागण्या. इथे शंभर गुणिले ०.२, म्हणजे वीस. दोनशेपैकी वीस थ्रेड कामात, बाकीचे रिकामे. सगळं आलबेल.

आता बँकेची सेवा मंदावते. एका मागणीला एक सेकंद लागू लागला की व्यग्र थ्रेड शंभर होतात, दीड सेकंद लागला की दीडशे. ग्राहक वाढलेले नाहीत, एकही चूक नोंदलेली नाही, तरी तीन चतुर्थांश पूल भरला आहे. सर्व्हरचा सीपीयू तर निवांतच दिसतो, कारण थ्रेड वाट पाहत बसले आहेत, काम करत नाहीत. सीपीयूचा भार पाहून आपोआप नवे सर्व्हर उभे करणारी व्यवस्था अशा वेळी हलतसुद्धा नाही.

एका मागणीला तीन सेकंद लागू लागले की गणित बिघडतं. आता तीनशे थ्रेड हवेत, आहेत दोनशे. सेकंदाला जेमतेम ६७ मागण्या पुऱ्या होतात आणि उरलेल्या ३३ रांगेत साचतात. मिनिटभरात रांग दोन हजारांवर जाते. त्या वेळी आलेल्या माणसाला आपली पाळी येण्यासाठीच अर्धा मिनिट थांबावं लागतं.

तरीही चुकांचा आलेख शून्यावरच असतो. टॉमकॅट साधारणपणे ८१९२ जोडण्या स्वीकारतो, त्यामुळे तो कोणालाही नकार देत नाही. nginx उत्तरासाठी ६० सेकंद थांबतो आणि मगच 504 ही चूक परत करतो. रांग सुरू झाल्यावर सुमारे ११४ सेकंदांनी आलेली मागणी ही साठ सेकंदांची हद्द प्रथम ओलांडते आणि तिची चूक नोंदली जाते ती आणखी एका मिनिटाने. म्हणजे पूल तुडुंब भरल्यापासून पहिली चूक दिसेपर्यंत जवळजवळ तीन मिनिटं जातात. तोवर हजारो माणसं रांगेत अडकलेली असतात. त्यातले कित्येक जण पान पुन्हा पुन्हा उघडतात आणि रांगेत भर घालतात. nginx ने वाट पाहणं सोडून दिलं तरी टॉमकॅटला त्याचा पत्ता नसतो. निघून गेलेल्या माणसांच्या मागण्याही तो इमानेइतबारे पुऱ्या करत बसतो.

इथे एक फसवणूक आहे आणि ती अनुभवी माणसांच्याही लक्षात येत नाही. साईटचा स्वतःचा प्रतिसाद-वेळेचा आलेख बहुतेक वेळा थ्रेडने मागणी हातात घेतल्यापासून मोजतो. रांगेतला वेळ त्यात धरलेलाच नसतो. ग्राहक साठ सेकंद ताटकळतो आणि आलेख सांगतो तीन सेकंद! nginx च्या नोंदीतला `$request_time` शेजारी ठेवला की ही तफावत उघडी पडते.

म्हणून व्यग्र थ्रेड आणि रांगेची लांबी हे दोन आकडे चुकांच्या आलेखाच्या वर लावायला हवेत. स्प्रिंग बूटमध्ये `server.tomcat.mbeanregistry.enabled=true` केलं की थ्रेडचे आकडे प्रोमिथियसपर्यंत पोहोचवता येतात. मग इशाऱ्याची अट एवढीच:

```
tomcat_threads_busy_threads
  / tomcat_threads_config_max_threads > 0.7
```

आपल्या उदाहरणात ही अट १४० थ्रेडला, म्हणजे प्रतिसाद १.४ सेकंदांवर गेल्यावर पुरी होते. तेव्हा रांगेत कोणीही नसतं. बँक हळूहळू मंदावत असेल तर हा इशारा बराच आधी मिळतो. पण ती ०.२ वरून एकदम तीन सेकंदांवर गेली, तर उरलेले १८० थ्रेड दोनेक सेकंदांत भरतात आणि आधीचा इशारा मिळतच नाही. अशा वेळी रांगेची लांबी कामाला येते. दोनशेच्या पूलमध्ये रांग क्षणभर दिसली तर तो एखादा झटका असू शकतो. ती अर्धा मिनिट टिकली आणि वाढतच राहिली, तर माणसाला जागं करावं. ‘पाच मिनिटं टिकली तरच कळवा’ अशी अट इथे घातक आहे, कारण हाती तीनच मिनिटं असतात.

रांग एकाच जागी नसते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. डेटाबेसच्या जोडण्यांचा हिकारी हा पूल मुळात फक्त दहा जोडण्यांचा असतो. जोडणी मिळेना की थ्रेड ३० सेकंद गुपचूप थांबतो, मग चूक देतो. तिथली रांग `hikaricp_connections_pending` मध्ये दिसते. थ्रेड दोनशेचे चारशे केले आणि ही रांग पाहिलीच नाही, तर गर्दी फक्त एका दारातून दुसऱ्या दारात सरकते.

इशारा मिळाल्यावर खरा उपाय बँकेकडे जाणाऱ्या मागणीची मुदत कमी करणं हा आहे. दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर थ्रेड मोकळा करावा आणि बँकेच्या कामात एका वेळी ठरावीक थ्रेडच गुंतू द्यावेत. काही ग्राहकांना लगेच ‘थोड्या वेळाने या’ असं सांगावं लागेल, पण तिकिटांची यादी पाहणारे बाकीचे लोक त्यापायी अडकणार नाहीत.

थ्रेडची मोजणी राहून गेली तर काय होतं, हे ॲमेझॉनने २०२० मध्ये अनुभवलं. २५ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात कायनेसिस या सेवेच्या ताफ्यात पहाटे थोडे नवे सर्व्हर जोडले गेले. त्या ताफ्यातला प्रत्येक सर्व्हर बाकीच्या प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड राखत असे. त्यामुळे नव्या सर्व्हरबरोबर सगळ्यांचेच थ्रेड वाढले आणि त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घातलेली मर्यादा ओलांडली. ही मर्यादा पूलची नव्हती, पण कोंडी थ्रेडचीच होती. काम पहाटे पावणेचारला संपलं, चुकांचे इशारे वाजले सव्वापाचला, आणि मूळ कारण सापडलं ते साडेनऊनंतर. सेवा पूर्ववत व्हायला रात्रीचे सव्वादहा उलटून गेले. पुढे कंपनीने जाहीर केलेल्या उपायांमध्ये सर्व्हर मोठे करून त्यांची संख्या घटवणं होतं आणि थ्रेडच्या वापरावर बारीक टप्प्यांचे इशारे लावणंही होतं.