कागदाच्या चुण्या आणि गणपतीची आरास

क्रेप कागदाची घडी दुकानातून आणली की कात्री नंतर घ्यावी, आधी कागद नीट बघावा. त्यावर बारीक चुण्या असतात, आणि त्या सगळ्या एकाच दिशेने जातात. कागद चुण्यांच्या दिशेने ओढला तर जागचा हलत नाही. चुण्यांना आडवा ओढला की रबरासारखा ताणतो, सोडला की थोडासा मागे येतो, पण पूर्ण मागे येत नाही. त्या थोड्याशा न परतण्यातच सगळं फूल आहे. ताणलेला भाग फुगलेला राहतो, म्हणून पाकळीला खोलगटपणा येतो. साध्या कागदाला कितीही दाबलं तरी हे जमत नाही, कारण त्याच्यात ताणायला शिल्लक काही नसतं. क्रेप बनवताना ओलसर कागद गरम रुळावरून पात्याने खरवडून काढतात. पात्यापाशी तो गोळा होतो आणि चुण्या पडतात. म्हणजे कारखान्याने लांबी आखडून ठेवलेली असते, आणि आपण ती हवी तिथे, हवी तेवढी सोडवतो.

2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा अनेक घरांतलं तयार मखर गेलं आणि कापड, पुठ्ठा, कागद पुन्हा पुढे आले. आमच्याकडे तेव्हापासून गणपतीच्या मागे जुनी सुती साडी ताणून लावतो आणि तिच्यावर क्रेपची फुलं. पाच फूट उंच, चार फूट रुंद एवढ्या पडद्याला तीन मोठी फुलं, पाच मध्यम, सात लहान आणि थोडी पानं पुरतात. वर छताला पाच गोळे. एवढ्या आराशीचा हिशोब इथे देते.

आधी मोठं फूल. फुलाचा घेर साधारण एक फूट. त्याला तीन मापांच्या पाकळ्या लागतात: बाहेरच्या सात, पाच इंच रुंद आणि सहा इंच उंच, मधल्या सहा, चार इंच रुंद आणि पाच उंच, आतल्या पाच, तीन इंच रुंद आणि चार उंच. तिन्ही मापं पुठ्ठ्यावर काढून कापून ठेवा. आकार पाण्याच्या थेंबासारखा, खाली निमुळता, वर गोल. पुठ्ठ्यावर खालून वर एक बाण काढा आणि कागदावर ठेवताना हा बाण चुण्यांच्या दिशेनेच धरा. पाकळी आडवी कापली गेली तर ती रुंदीत फुगणारच नाही, उलट उंचीला लांबत जाईल आणि टोकाशी लोंबेल. फूल बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. कात्री लावण्याआधी बाण बघण्याची सवय लागली की अर्धं काम झालं.

बाजारात मिळणाऱ्या घड्यांची रुंदी साधारण वीस इंच असते आणि चुण्या त्या रुंदीच्या दिशेने जातात. लांबी मात्र कंपनीगणिक वेगळी निघते, म्हणून एक घडी उघडून मोजून बघा. दोन मीटर असेल तर हिशोब सोपा जातो. नेहमीच्या पातळ कागदाची सहा इंचाची पाकळी आपल्याच वजनाने झुकते, म्हणून मोठ्या फुलाला कागद दुहेरी घ्यायचा. घडी लांबीत दुमडली की छत्तीस इंचांहून थोडा जास्त दुहेरी कागद मिळतो. त्याच्या वीस इंच रुंदीतून सहा, पाच आणि चार इंचांच्या तीन पट्ट्या काढल्या की पाच इंचांची चौथी पट्टी उरते. ती फुलाच्या मधल्या तुऱ्याला ठेवा. म्हणजे एका घडीत एक मोठं फूल. तुरा पिवळा हवा असेल तर उरलेली पट्टी दुसऱ्या फुलाला द्या आणि पिवळ्या घडीतून तुरा घ्या. इटलीत फुलांसाठीच बनणारा जाड, 180 ग्रॅमचा क्रेप मिळाला तर तो एकेरी पुरतो, आणि त्याच्या पाकळ्या फार सुंदर उभ्या राहतात. पण तो महाग असतो. घरच्या आराशीला पातळ कागद दुहेरी वापरणंच योग्य, असं माझं मत आहे.

पाकळ्या कापून झाल्या की त्यांना आकार द्यायचा. दोन थर एकमेकांवर ठेवून पाकळी दोन्ही हातांत धरा, अंगठे मधोमध एकमेकांना लागून. अंगठे हळूच बाहेर सरकवा, कागद आडवा ताणेल आणि वाटीसारखा खड्डा तयार होईल. दोन थर एकत्रच ताणल्यामुळे त्यांच्या चुण्या एकमेकींत बसतात, चिकटवायची गरज राहत नाही. एकदाच सावकाश ताणा, पुनःपुन्हा नको. चुण्या पूर्ण सपाट झाल्या, कागद चकाकू लागला, की पाकळी मेली. ती परत आखडत नाही. खड्डा पाकळीच्या खालच्या दोन तृतीयांशात असावा. वरची किनार तशीच ठेवा आणि विणकामाच्या सुईवर किंवा पेन्सिलीवर बाहेरच्या बाजूला गुंडाळा. गुलाब हवा असेल तर एवढं पुरे. जास्वंदीसारखी लाटदार किनार हवी असेल तर सुई न वापरता किनार दोन चिमटींत धरून दर अर्ध्या इंचावर हलकेच ताणत जा.

आता प्रत्येक पाकळीला खालून एक इंचाची उभी चीर द्या, चिरेच्या दोन कडा एकमेकींवर चढवून चिकटवा. एवढ्या लहान गोष्टीने पाकळी पुढे उचलली जाते. चीर न देता चिकटवलेलं फूल भिंतीवर चपटं पडतं, लांबून कागदाची थाळी वाटते.

चिकटवायला पांढरा पातळ गोंद वापरू नका. त्यातल्या पाण्याने चुण्या सुटतात आणि रंग फुटतो. लाल कागदाला लागला तर बोटंही लाल होतात. ग्लू गन सोयीची, पण गरम गोंद पातळ कागदातून आरपार येतो आणि बोट भाजतं, म्हणून दाबायला काडी घ्या. लहान मुलं मदतीला असतील तर त्यांच्याकडे कापायचं आणि ताणायचं काम द्यावं, गन मोठ्यांच्याच हातात ठेवावी.

तीन इंचांची पुठ्ठ्याची गोल चकती घ्या. बांधणी बाहेरून आत. आधी सात मोठ्या पाकळ्या चकतीच्या कडेने, प्रत्येक शेजारणीवर थोडी चढलेली. मग मधल्या सहा, आधीच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर एक अशा. मग आतल्या पाच. पाकळीखाली पाकळी आली तर खालची दिसत नाही आणि कागद वाया जातो. शेवटी तुरा: पट्टी उंचीत दुमडा, दुमडीच्या बाजूने दीड इंच खोल बारीक काप द्या, खालून घट्ट गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि मध्ये चिकटवा. हात बसल्यावर एका फुलाला पाऊण तास लागतो.

मध्यम फुलाला बाहेरची फेरी गाळायची. दहाएक इंचांचं फूल होतं आणि एका घडीत दोन बसतात. लहान फुलाला फक्त आतल्या पाच पाकळ्या, त्याही एकेरी. इतक्या छोट्या पाकळीला एक थर पेलतो. मापं तीच तीन, त्यामुळे पडद्यावर फुलं एका घरातली वाटतात. रंगही तीनच घ्यावेत. पाच रंग घेतले की डोळा कुठे थांबत नाही आणि मूर्ती मागे पडते.

पडद्यावर लावण्याआधी साडी जमिनीवर पसरून फुलं मांडून बघा. आम्ही तिन्ही मोठी फुलं वरच्या डाव्या कोपऱ्यात एकत्र ठेवतो, तिथून मध्यम आणि लहान फुलं खाली उजवीकडे उतरतात. मूर्तीच्या मुकुटामागची जागा मोकळी. मोठ्या फुलाने कापड खाली ओढलं जातं, त्यासाठी चकतीतून बारीक तार ओवा, कापडातून मागे काढा आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पिळा, शर्टाच्या गुंडीसारखी. भार मग कापडाच्या एका टाक्यावर येत नाही.

छतासाठी ही फुलं चालत नाहीत, कारण ती पुढून बघायची असतात आणि छताकडे आपण खालून बघतो. तिथे सगळीकडून सारखा दिसणारा गोळा हवा. घडीतून दहा इंच उंच, पंधरा इंच रुंद असे आठ तुकडे काढा, चुण्या दहा इंचांच्या दिशेने. आठही एकमेकांवर ठेवून दीड-दीड इंचाची पंख्यासारखी घडी घाला. घडीची रेघ चुण्यांच्या दिशेनेच जाते, म्हणून ती मऊ पडत नाही. बरोबर मधोमध दोरा आवळून बांधा, दोन्ही टोकं कात्रीने गोल कापा. मग एकेक थर मध्याकडे सावकाश ओढून उभा करा, चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. घाई केली तर थर दोऱ्यापाशी फाटतो. फाटलाच तर तो काढून टाका, सातांचाही गोळा होतो.

गोळे छताला टेपने लावू नका. भाद्रपदात भिंत ओलसर असते, टेप सुटते आणि सुटताना रंगही ओढून नेते. पडद्याच्या दोन गजांमध्ये किंवा भिंतीतल्या जुन्या खिळ्यांमध्ये नायलॉनची दोरी ताणा आणि तिच्यावरून गोळे कमी-जास्त उंचीवर सोडा. पंख्याच्या वाऱ्यात ते येऊ देऊ नका, तासाभरात दोरे गुंततात. आरती जिथे ओवाळली जाते त्या जागेच्या वर तर एकही गोळा नको. क्रेप ठिणगीने पेटतो, आणि निरांजन वर जातं तेव्हा ज्योत आपल्या अंदाजाहून उंच पोहोचते. समईपासून पडदाही हातभर लांब ठेवावा.

एका वर्षी मी लाल फुलं मूर्तीच्या अगदी जवळ लावली होती. ताज्या हारावर सकाळी पाणी शिंपडलेलं, ते थेंब पाकळीवर पडले आणि तिथून शाडूच्या मूर्तीच्या पितांबरावर. शाडूने रंग लगेच पिऊन टाकला, पुसायला गेले तर डाग आणखी पसरला. तेव्हापासून ताजा हार आणि क्रेपचं फूल यांच्यात वीतभर अंतर ठेवते, आणि मूर्तीजवळ पांढरी किंवा फिकट फुलंच लावते.

पावसाळी हवेत चौथ्या-पाचव्या दिवशी पाकळ्या थोड्या मऊ होतात. बोटांनी पुन्हा सावरल्या तर दहा दिवस निघतात. विसर्जनाच्या सकाळी सगळी फुलं उतरवा, कोरड्या खोलीत तास-दोन तास ठेवा आणि तोंड वर करून खोक्यात एका थरात भरा. पुढच्या वर्षी किनार सुईवर गुंडाळली की ती पुन्हा उभी राहतात. निर्माल्यात मात्र एकही कागदी फूल जाऊ देऊ नका, त्याचा रंग सगळा पाण्यात उतरतो.