सहामाही चक्रवाढीचा हिशेब

पोस्टातल्या पाच वर्षांच्या राष्ट्रीय बचत पत्राचा व्याजदर १ एप्रिल २०१६ रोजी साडेआठ टक्क्यांवरून ८.१ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी आणखी एक बदल झाला. तोवर व्याज दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिळवले जायचे, ते वर्षातून एकदाच मिळवले जाऊ लागले. दर उतरला हे आकडा पाहताच कळते. दुसऱ्या बदलाने किती रुपये गेले, हे मात्र हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

जुन्या दराने एक लाख रुपये ठेवले, असे धरू. द.सा.द.शे. साडेआठ म्हणजे शंभर रुपयांवर पूर्ण वर्षाचे साडेआठ रुपये. व्याज सहा महिन्यांनी जमा होणार असेल, तर त्या सहामाहीच्या वाट्याला निम्माच दर येतो, सव्वाचार टक्के. पहिल्या सहामाहीत ४,२५० रुपये व्याज जमा झाले की दुसऱ्या सहामाहीचे मुद्दल १,०४,२५० होते. त्यावर पुन्हा सव्वाचार टक्के, म्हणजे ४,४३० रुपये ६३ पैसे. वर्षअखेरीस जमा होतात १,०८,६८० रुपये ६३ पैसे. वर्षातून एकदाच व्याज लागले असते तर १,०८,५०० झाले असते. वरचे १८० रुपये ६३ पैसे आले ते पहिल्या ४,२५० रुपयांवरच्या व्याजातून, दुसरीकडून कुठून नव्हे.

पाच वर्षांत अशा दहा सहामाह्या येतात. म्हणून शाळेत शिकलेल्या सूत्रात दोन जागी हात घालावा लागतो, आणि दोन्ही जागी एकदमच:

```
वार्षिक:  A = P × (1 + R/100)^N
सहामाही: A = P × (1 + R/200)^(2N)
```

A म्हणजे रास, P मुद्दल, R वार्षिक दर आणि N वर्षे. शंभराऐवजी दोनशेने भागले की दर आपोआप निम्मा होतो आणि घातांकात वर्षांऐवजी सहामाह्या येतात. एक लाखाला १.०४२५ ने दहा वेळा गुणले की १,५१,६२१ रुपये मिळतात.

नव्या नियमाने, ८.१ टक्के आणि वार्षिक चक्रवाढीने, त्याच एक लाखाचे होतात १,४७,६१४ रुपये. म्हणजे ठेवीदाराचे सुमारे चार हजार सात रुपये कमी झाले. सरकारने फक्त दर उतरवून सहामाही पद्धत तशीच ठेवली असती, तर १,४८,७३८ रुपये मिळाले असते. याचा अर्थ २,८८३ रुपये दर उतरल्यामुळे गेले आणि उरलेले १,१२४ चक्रवाढीचा काळ लांबल्यामुळे. पाव भागाहून अधिक नुकसान दराच्या आकड्यात दिसतच नव्हते.

बहुतेकांची गणिते चुकतात ती एकच बदल करून थांबल्यामुळे. साडेआठच्याच उदाहरणात दर निम्मा केला पण घातांक पाचच ठेवला, तर उत्तर १,२३,१३५ येते. ही चूक पकडायला सरळव्याज काढून पाहावे. पाच वर्षांचे सरळव्याज ४२,५०० रुपये, म्हणजे रास १,४२,५००. चक्रवाढ त्याहून कमी येऊच शकत नाही. उलट सहामाह्या दहा धरल्या पण दर साडेआठच ठेवला, तर पैसे सव्वादोनपट होतात, २,२६,०९८. तसे झाले असते तर पोस्टापुढची रांग हटलीच नसती! सहामाहीचे खरे उत्तर वार्षिक चक्रवाढीच्या उत्तरापेक्षा (इथे १,५०,३६६) थोडेसेच जास्त असते. फरक मोठा दिसला की घातांक आणि दर पुन्हा तपासावेत.

मुदत पूर्ण वर्षांत नसली तरी सहामाह्याच मोजायच्या. दीड वर्षाला तीन. सव्वादोन वर्षांत मात्र चार सहामाह्या होऊन तीन महिने उरतात. शालेय गणितात त्या तीन महिन्यांसाठी आधी आलेल्या राशीवर सरळव्याज काढतात. प्रत्यक्ष ठेवीत तुटक महिन्यांचे व्याज कसे लागते, हे त्या योजनेच्या नियमांत पाहावे लागते. आपल्याकडच्या बँकांच्या मुदत ठेवींत चक्रवाढ बहुधा तिमाही असते. तिथे दराला चारने भागायचे आणि वर्षांना चारने गुणायचे.

दर निम्मा करण्याआधी तो कोणता दर आहे, हेही पाहावे. साडेआठ टक्के सहामाही चक्रवाढीने वर्षभरात प्रत्यक्ष ८.६८ टक्के पडतात, आणि जाहिरातीत कधी कधी ‘वार्षिक परतावा’ म्हणून हाच आकडा झळकतो. त्यात चक्रवाढ आधीच धरलेली असते. तो निम्मा करून ४.३४ टक्क्यांनी पुन्हा सहामाही मांडणी केली, तर व्याजावरचे व्याज दोनदा मोजले जाते. असा परतावा दिला असेल तेव्हा १.०८६८ चा घातांक सरळ वर्षांइतकाच ठेवायचा, आणि सहामाही दर हवाच असेल तर त्याचे वर्गमूळ काढायचे. ते १.०४२५ येते.