दिव्याचाच फोटो काढताना

जाहिरातीसाठी भांड्याचा किंवा घड्याळाचा फोटो काढताना प्रकाश बाहेरून आणता येतो, हवा तसा वळवता येतो. टेबल लॅम्पच्या बाबतीत मात्र विकायची वस्तूच उजेड देत असते. तिन्हीसांजेच्या खोलीत नऊ वॉटचा एलईडी बल्ब लावला, की लॅम्पची कापडी शेड खिडकीच्या उजेडातल्या भिंतीपेक्षा शेकडो पटींनी उजळ होते. आपला डोळा हे सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. खोली दिसावी म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, तर शेडचा नुसता पांढरा डाग उरतो. शेड नीट टिपली, तर खोली काळोखात जाते.

अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच आधी बल्ब बदलतो. नऊ वॉटच्या जागी अर्ध्या वॉटचा झिरो बल्ब लावला, की फरक बराच आटोक्यात येतो. पाहणाऱ्याला ते कळतही नाही, कारण फोटोत दिवा किती उजळ दिसेल ते आजूबाजूच्या अंधारावर ठरतं.

उरलेलं काम दिव्याचं बटण करतं. समजा, कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८. खोलीसाठी चार सेकंद लागतात, शेडला मात्र अर्धा सेकंद पुरतो. मग शटर चार सेकंद उघडं ठेवायचं आणि त्यातला अर्धाच सेकंद दिवा लावायचा. खोलीला तिचा पूर्ण वेळ मिळतो, दिव्याला त्याचा. मला ही युक्ती फार आवडते. दोन फोटो कॉम्प्युटरवर जोडण्यापेक्षा ती सरळ आहे, आणि निकाल तिथल्या तिथे दिसतो.

तरी एक अडचण राहते. शेडमधला उजेड वर आणि खाली जातो, त्यामुळे कॅमेऱ्यासमोरचा पितळी दांडा काळपट दिसतो. दिवा स्वतःला उजळत नाही. त्यासाठी लॅम्प खिडकीला आडवा ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करतात. दांड्यावर उजेडाची एक उभी रेघ उमटली, की त्याची गोलाई कळते.

सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं यासाठी सगळ्यात चांगली. त्याआधी खिडकी दिव्यावर मात करते, नंतर तीच काळी पडते. या वेळी बाहेरचा उजेड निळसर असतो आणि बल्बचा पिवळा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स दोन्हींच्या मधे, साधारण ४००० केल्विनवर ठेवला, की दोन्ही रंग टिकतात. बल्बप्रमाणे ठेवला तर शेड पांढरी पडते आणि लॅम्पची ऊबच जाते.

घरचा लॅम्प विकण्यासाठी मोबाइलवर फोटो काढणार असाल, तर स्क्रीनवर शेडवर बोट टेकवा आणि शेडच्या कापडाची वीण दिसेपर्यंत उजेड कमी करा. अंधारलेली खोली नंतर थोडीफार उजळता येते, जळून पांढरी झालेली शेड परत आणता येत नाही.