लोकलमधलं ब्लूटूथ: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

पनवेल हे हार्बर मार्गाचं टोक. सीएसएमटीची लोकल इथूनच सुटते, त्यामुळे सकाळी लवकर आलं तर बसायला जागा मिळते. पुढे सव्वा तासाहून जास्त प्रवास असतो, म्हणून गाडी हलायच्या आधीच डब्यात अनेकांच्या कानात इअरबड असतात. इतके फोन आणि इअरबड इतक्या जवळ आले की केव्हातरी एखाद्याच्या पडद्यावर एक अनोळखी नाव उमटतं आणि खाली `Pair` आणि `Cancel` अशी दोन बटणं दिसतात. घाईघाईने फोन बंद केला जातो आणि संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इशारा फिरतो: स्टेशनवर ब्लूटूथ चालू ठेवू नका, खातं रिकामं होतं.

‘विनंती आली, म्हणजे फोन हॅक झाला’

तसं नाही. जोडणीची विनंती हा फक्त प्रश्न आहे. उत्तर दिलं नाही तर काही क्षणांत ती आपोआप संपते आणि फोनमधलं काहीही बाहेर जात नाही. अशा विनंत्या बऱ्याचदा चुकून येतात. शेजारचा प्रवासी नवा इअरबड जोडत असतो, त्याच्या यादीत दहा-बारा नावं येतात आणि बोट भलत्याच नावावर पडतं.

पण तुमचं नाव त्याच्या यादीत आलं कसं? ब्लूटूथ नुसतं चालू असलं म्हणून आजचे फोन सगळ्यांना दिसत नाहीत. अँड्रॉइड असो वा आयफोन, सेटिंग्जमधलं ब्लूटूथचं पान उघडं असेपर्यंतच फोन अनोळखी उपकरणांना आपलं नाव सांगतो. म्हणजे डब्यात बसून तुम्ही आपला इअरबड शोधता, तेव्हा त्याच मिनिटांत तुम्हीही इतरांना सापडत असता. नव्या वस्तूची पहिली जोडणी घरी करून घेतली, तर हा प्रसंग सहसा येतच नाही. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी इअरबड आणि फोन ते पान न उघडताच एकमेकांना शोधतात.

फोनच्या नावाकडेही लक्ष द्यावं. आपलं नाव आणि फोनचं मॉडेल असं मिळून झालेलं नाव यादीत दिसलं, तर डब्यातल्या परक्या माणसाला ते फुकट कळतं. सेटिंग्जमध्ये ते बदलता येतं. मुलींनी आणि बायकांनी तर ते बदलावंच, असं मला कळकळीने वाटतं.

‘दोन्हीकडे आकडा जुळला, म्हणजे जोडणी सुरक्षित’

दोन फोन जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा अंकी आकडा येतो. तो जुळला, तर त्या दोघांच्या मध्ये तिसरं कुणी शिरलेलं नाही एवढंच सिद्ध होतं. समोरचा भरवशाचा आहे की नाही, हे तो आकडा सांगू शकत नाही. अनोळखी फोनशीही आकडा अगदी बरोबर जुळेल.

खरी गोष्ट असते आकड्याखालच्या चौकोनात: संपर्क आणि कॉलची यादी वापरू द्यायची का? याचं नेमकं उदाहरण पनवेलहून पुण्याला जाणाऱ्या शेअर टॅक्सीत मिळतं. एक्सप्रेसवे लागला की कुणीतरी म्हणतं, ‘दादा, माझ्या फोनवरची गाणी लावतो.’ गाडीच्या स्टिरिओशी फोन जोडला जातो, चौकोनात खूण राहते आणि स्टिरिओ फोनबुक आपल्याकडे उतरवून घेतो. हेतू इतकाच की गाडीच्या पडद्यावर नावं दिसावीत आणि तिथून फोन लावता यावा. स्वतःच्या गाडीत ही सोय आहे. पण टॅक्सीतून तुम्ही वाकडला उतरता आणि नावं-नंबर मात्र काही स्टिरिओंमध्ये तसेच राहू शकतात.

यात कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही, म्हणूनच हे लक्षात येत नाही. गाण्यांसाठी त्या परवानगीची गरज नाही. खूण काढली तरी गाणी तशीच वाजतात. खूण राहून गेली असेल, तर उतरण्यापूर्वी स्टिरिओच्या यादीतून आपला फोन पुसावा. फोनमध्ये `Forget` दाबलं की फोन स्टिरिओला विसरतो, पण स्टिरिओने उतरवून घेतलेलं त्याने पुसलं जाईलच असं नाही.

आणि खातं रिकामं होण्याची भीती? जोडणीतून आवाज, फोनबुक, फायली अशा ठरावीक गोष्टींचीच दारं उघडतात, आणि फाइल घ्यायची तर फोन पुन्हा विचारतो. यूपीआयचा पिन त्यात कुठेच नसतो.

‘फोन कुणाला दिसत नाही, म्हणजे कुणी पोचणार नाही’

या समजाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. न दिसणारा फोनही ओळखीच्या उपकरणांच्या हाकेसाठी कान उघडे ठेवून असतो. त्याचा ब्लूटूथचा पत्ता कुणाला मिळाला, तर ती व्यक्ती हाक मारू शकते.

डिसेंबर 2023 मध्ये मार्क न्यूलिन या संशोधकाने याचा एक गंभीर प्रकार जाहीर केला. हल्लेखोराचं उपकरण स्वतःला कीबोर्ड म्हणवतं आणि अँड्रॉइड फोन मालकाला काहीही न विचारता त्याला जोडून घेतो. ब्लूटूथ चालू असणं पुरेसं होतं. मग हल्लेखोर दुरून बटणं दाबू शकतो, अ‍ॅप उघडू शकतो, मजकूर टाइप करू शकतो. पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागतो, तिथे मात्र तो अडतो. या त्रुटीचा क्रमांक CVE-2023-45866.

गूगलने अँड्रॉइड 11 पासून पुढे दुरुस्ती दिली. अँड्रॉइड 10 आणि त्याआधीच्या फोनांना ती मिळाली नाही. आपला फोन कुठे बसतो हे पाहायला सेटिंग्जमध्ये `About phone` उघडून `Android security update` ही तारीख बघा. ती 5 डिसेंबर 2023 किंवा त्यानंतरची असेल, तर हे दार बंद आहे. आईवडिलांकडे दिलेले जुने फोन मात्र हमखास त्याआधीच्या तारखेवर अडकलेले सापडतात. तशा फोनवर गर्दीच्या ठिकाणी ब्लूटूथ बंदच ठेवावं. आयफोनवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं की कंट्रोल सेंटरमधलं बटण दाबल्याने जोडण्या तुटतात, पण ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. ते सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावं लागतं.

‘दहा मीटरच्या पलीकडे ब्लूटूथ पोचत नाही’ हाही भरवसा खोटा आहे. 2004 मध्ये अमेरिकेत सांता मोनिका इथे संशोधकांनी दिशादर्शक अँटेना लावून पावणेदोन किलोमीटरवरच्या फोनशी ब्लूटूथने संपर्क साधला होता.

‘इअरबडमध्ये चोरण्यासारखं काय आहे?’

इअरबडला पडदा नाही, त्यामुळे तो आकडा दाखवू शकत नाही आणि मालकाला विचारूही शकत नाही. जोडणीच्या अवस्थेत असताना जो आधी मागेल त्याला तो होकार देतो. आणि ओळखीचा फोन जवळ सापडला नाही, तर काही इअरबड आपणहून त्या अवस्थेत जातात. दिवा भराभर लुकलुकणं ही त्याची सर्वसाधारण खूण. फोनचं ब्लूटूथ बंद करून असा इअरबड डबीबाहेर काढला, तर डब्यातल्या कुणालाही तो जोडून घेता येईल. त्याच्या माइकमधून आजूबाजूचा आवाजही ऐकता येईल.

जून 2025 मध्ये ERNW या जर्मन संस्थेच्या संशोधकांनी ऐरोहा कंपनीच्या चिपमधल्या त्रुटी जाहीर केल्या. या चिप अनेक नामांकित हेडफोनांत आहेत. तिथे तर जोडणीची अवस्थाही लागत नव्हती, जवळ असणं पुरत होतं. असा हल्ला करायला बरंच कौशल्य लागतं, त्यामुळे लोकलच्या डब्यात तो घडण्याची शक्यता कमी आहे. पण त्याची दुरुस्ती फोनच्या अपडेटमधून होत नाही. ती हेडफोन बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमधून घ्यावी लागते, आणि ते अ‍ॅप आपल्यापैकी बहुतेकांनी कधी उतरवलेलंच नसतं.